फोटोतला फ्लोचार्ट वाचून शेवटी काय छापलं जाईल, ते कसं काढायचं

फ्लोचार्टच्या प्रश्नात गणित असतं ते बेरीज-वजाबाकी आणि लहान-मोठं ओळखण्यापुरतं. तरीही उत्तरं चुकतात, आणि फोटोवरून सोडवताना जरा जास्तच चुकतात. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची, बीएस्सी आयटीची, बीसीएच्या प्रवेशाची तयारी करणारी मुलं मला असे फोटो सतत पाठवत असतात. कुणी परळला गाडीत उभ्याउभ्या मैत्रिणीच्या वहीचा फोटो काढलेला असतो, कुणी दादर स्टेशनबाहेरच्या दुकानातून आणलेल्या झेरॉक्सचा, तर कुणी क्लासच्या फळ्याचा, ज्यावर ट्यूबलाइट चकाकत असते. चुकलेली उत्तरं तपासली की चूक दोनपैकी एका जागी सापडते. एक तर फोटोतली एखादी खूण चुकीची वाचलेली असते, नाहीतर सगळं बरोबर वाचून बाण चुकीच्या क्रमाने चाललेले असतात.

ही दोन कामं वेगळी आहेत आणि मी ती वेगळीच करायला लावते. आधी पूर्ण फ्लोचार्ट वाचून कागदावर उतरवायचा, मग फोटो बाजूला ठेवून कागदावरून चालायचं. फोटोकडे बघत बघत मनात आकडे फिरवायला गेलं की तिसऱ्या फेरीला नजर एका चौकटीवर असते आणि डोक्यातला आकडा आधीच्या चौकटीचा असतो.

फोटो हातात आला की

पहिल्यांदा चार कडा बघा. लूपचा परत वर जाणारा बाण जवळजवळ नेहमी चित्राच्या डाव्या किंवा उजव्या टोकाने काढलेला असतो, आणि फोटो काढताना नेमकी तीच कड कापली जाते. `Start` आणि `Stop` हे दोन्ही लंबगोल दिसताहेत का, तेही लगेच पाहून घ्या. पान दोन तुकड्यांत असेल तर खाली एका छोट्या वर्तुळात `A` लिहिलेलं असतं आणि दुसऱ्या तुकड्याच्या वर तेच `A` असतं. तो जोडबिंदू आहे. तिथे काही करायचं नसतं, एका `A` वरून दुसऱ्या `A` वर जायचं असतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि बारीक खुणा पुसट होतात. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ स्वरूपात येतो. मी मुलांना एक फोटो पूर्ण पानाचा आणि एकेक फोटो प्रत्येक हिऱ्याचा जवळून, असे पाठवायला सांगते. जवळच्या फोटोत खूण कळते, लांबच्या फोटोत बाण कुठून कुठे जातो ते कळतं. यातला एकच असेल तर निम्मी माहिती हातात येते.

आकारांची ओळख बहुतेकांना असते, म्हणून थोडक्यात. लंबगोल म्हणजे सुरुवात किंवा शेवट, आयत म्हणजे काहीतरी करायचं, समांतरभुज चौकोन म्हणजे किंमत आत घ्यायची किंवा छापायची, आणि हिरा म्हणजे प्रश्न. हे आकार ISO 5807 या १९८५ च्या मानकात दिलेले आहेत, पण वहीत आणि फळ्यावर ते तंतोतंत पाळले जात नाहीत. छापण्याची चौकट साध्या आयतात काढलेली खूपदा दिसते. त्यामुळे आकारावर विसंबू नका, आतला मजकूर वाचा. त्याच मानकातली दुसरी गोष्ट मात्र उपयोगी आहे: बाणाचं टोक काढलेलं नसेल तर रेघ वरून खाली किंवा डावीकडून उजवीकडे जाते असं धरायचं. म्हणजे टोक नसलेली रेघ वर जाणारी असू शकेल असं वाटलं, तर टोक फोटोत पुसलं गेलं असावं, असा संशय घ्यायचा.

कागदावर उतरवणं

प्रत्येक चौकटीला नंबर द्यायचा, आणि तिच्यापुढे ‘इथून कुठे’ ते लिहायचं. एवढंच. चित्र पुन्हा काढत बसू नका, चित्र काढलं की आधीचाच गोंधळ नव्या कागदावर येतो. नंबर दिलेल्या ओळी वाचायला सोप्या जातात आणि बोट ठेवून चालता येतं.

परळच्या एका विद्यार्थिनीने पाठवलेल्या फोटोवरून उतरवलेला हा फ्लोचार्ट बघा. पुढचं सगळं याच्याच आधाराने सांगते.

```
 1  Start             -> 2
 2  S = 0, I = 1      -> 3
 3  I <= 9 ?          Yes -> 4    No -> 9
 4  I % 3 = 0 ?       Yes -> 5    No -> 6
 5  S = S - I         -> 7
 6  S = S + I         -> 7
 7  S > 8 ?           Yes -> 9    No -> 8
 8  I = I + 2         -> 3
 9  Print S + I       -> 10
10  Stop
```

उतरवून झालं की बाण मोजायचे. साध्या चौकटीतून एकच बाण बाहेर पडतो, हिऱ्यातून दोन, आणि `Stop` मधून एकही नाही. म्हणून एकच `Stop` असेल तर बाहेर पडणारे बाण = सगळ्या चौकटी − १ + हिरे. इथे चौकटी १०, हिरे ३, म्हणून बाण १२ यायला हवेत. यादीतले मोजून बघा: पहिल्या दोन ओळींचा एकेक, तिसरी आणि चौथीचे दोन-दोन, पाचवी-सहावीचा एकेक, सातवीचे दोन, आठवी-नववीचा एकेक. बारा. अकरा आले असते तर एक बाण फोटोत कापला गेलाय किंवा तुमच्या नजरेतून सुटलाय, हे गणित सुरू करण्याआधीच कळलं असतं. मोजताना बाण जिथून निघतो तिथे मोजायचा, जिथे पोचतो तिथे नाही, कारण दोन बाण वाटेत एकमेकांना मिळून पुढे एकाच टोकाने चौकटीत शिरतात आणि एकच दिसतात. या फ्लोचार्टमध्ये ५ आणि ६ मधून निघालेले बाण असेच मिळून ७ मध्ये जातात.

रेघा मिळतात की नुसत्या एकमेकींवरून जातात, हा फोटोतला अवघड प्रश्न आहे. ३ मधून ९ कडे जाणारी `No` ची रेघ आणि ८ मधून ३ कडे परत जाणारी रेघ हाताने काढताना एकमेकींना छेदू शकतात. दादरच्या टिळक पुलावरून बस जाते आणि पुलाखालून लोकल जाते, दोन्ही वाटा नकाशावर एकमेकींना छेदतात, पण म्हणून लोकल बसच्या रस्त्यावर वळत नाही. रेघांचंही तसंच समजायचं: छेदाच्या जागी बाणाचं टोक नसेल आणि दोन्ही रेघा सरळ पलीकडे निघून जात असतील, तर तिथे वळायचं नाही. जिथे एक रेघ दुसरीला येऊन थांबते आणि पलीकडे जात नाही, तिथे ती मिळाली.

`Yes` आणि `No` पैकी एक अक्षर वाचता आलं तरी पुरतं, दुसरं आपोआप ठरतं. दोन्ही पुसट असतील तर ‘खाली `Yes`, बाजूला `No`’ असं धरून चालू नका. तसा काही नियम नाही, एकाच पानावर दोन हिरे दोन तऱ्हेने काढलेले मी कितीतरी वेळा पाहिलेत.

चालताना

आता फोटो बाजूला. कागदावर व्हेरिएबलसाठी एकेक रकाना आणि हिऱ्यातल्या प्रश्नांसाठी एकेक रकाना आखायचा. लूपची एक फेरी म्हणजे एक ओळ. मुलं याला ड्राय रन म्हणतात, आणि ड्राय रन डोक्यात करायची गोष्ट नाही, पेन्सिलीने करायची आहे.

तीन गोष्टी पक्क्या धरायच्या. पहिली, `S = S + I` मध्ये उजवीकडचा `S` जुना असतो आणि डावीकडचा नवा. आधी उजवी बाजू जुन्या किमतींनी सोडवायची, मग उत्तर `S` च्या रकान्यात लिहायचं. दुसरी, हिऱ्यात किंमत कधी बदलत नाही, तिथे फक्त बघायचं आणि वाट निवडायची. `I % 3 = 0 ?` वाचून `I` ला ० करून टाकणारी मुलं असतात, म्हणून हे स्पष्ट सांगते. तिसरी, `%` म्हणजे भागल्यावर उरलेली बाकी. काही पुस्तकांत त्याजागी `MOD` असतं. १ ला ३ ने भागलं तर भाग शून्य वेळा जातो आणि बाकी १ उरते. इथे ० किंवा ३ लिहिलं जातं आणि पहिल्याच फेरीत वाट चुकते.

पहिली फेरी सावकाश करू. ओळ २ मध्ये `S` ० झाला आणि `I` १. ओळ ३: १ हा ९ पेक्षा लहान आहे, `Yes`, म्हणून ४ वर. ओळ ४: १ ला ३ ने भागून बाकी १, म्हणजे `No`, म्हणून ६ वर. ओळ ६: ० अधिक १, `S` झाला १. ओळ ७: १ हा ८ पेक्षा मोठा आहे का? नाही, म्हणून ८ वर. ओळ ८: `I` झाला ३. आणि तिथून परत ३ वर, २ वर नव्हे.

दुसऱ्या फेरीत `I` ३ आहे, बाकी ० येते, म्हणून वाट ५ ची, आणि `S` होतो १ वजा ३ म्हणजे उणे २. इथे पुष्कळ जण बिचकतात, ‘किंमत उणे कशी येईल’ म्हणून वजाबाकी उलटी करतात आणि २ लिहितात. येऊ द्या उणे, फ्लोचार्टला त्याचं काही वाटत नाही. सगळ्या फेऱ्या मिळून ओळी अशा दिसतात:

| फेरी | I | I <= 9 ? | I % 3 = 0 ? | S | S > 8 ? | पुढचा I |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | १ | हो | नाही | १ | नाही | ३ |
| २ | ३ | हो | हो | −२ | नाही | ५ |
| ३ | ५ | हो | नाही | ३ | नाही | ७ |
| ४ | ७ | हो | नाही | १० | हो | — |

चौथ्या फेरीत `S` १० झाला, ओळ ७ चं उत्तर `Yes` आलं, आणि आपण थेट ९ वर गेलो. ओळ ८ ला आपण गेलोच नाही, म्हणून `I` अजून ७ आहे. ओळ ९ छापते `S + I`, म्हणजे १० अधिक ७. उत्तर १७.

ज्या मुलीने हा फोटो पाठवला होता तिने लिहिलं होतं, “मॅडम, माझं १९ येतंय आणि पर्यायात १७ आहे. पेपर चुकलाय का?” मी तिला विचारलं, “शेवटच्या फेरीत ८ नंबरच्या चौकटीवर तुझं बोट गेलं होतं का?” थोड्या वेळाने तिचा मेसेज आला, “नाही गेलं, पण मी सवयीने दोन वाढवले.” तिच्या टेबलात पहिल्या तीन फेऱ्यांमध्ये शेवटच्या रकान्यात दोन वाढले होते, म्हणून हात आपोआप चौथ्यांदाही ९ लिहून गेला. चौकटींचा एक ठरावीक क्रम डोक्यात बसला की असं होतं. म्हणून टेबल भरतानाही बोट नंबरांच्या यादीवरच हवं, आणि ज्या रकान्यात गेलोच नाही तिथे आडवी रेघ मारायची. ती रेघ मारली असती तर १९ आलं नसतं.

लूपमधून बाहेर पडायला या फ्लोचार्टला दोन दारं आहेत, हे लक्षात घ्या. एक ओळ ३ चं, दुसरं ओळ ७ चं. कुठल्या दाराने बाहेर आलो त्यावर `I` ची किंमत ठरते. ओळ ३ च्या दाराने बाहेर आलो असतो तर `I` ९ च्या पुढे, म्हणजे ११ झालेला असता. अट खोटी पडल्याशिवाय ते दार उघडतच नाही, म्हणून बाहेर पडताना मोजणीचा आकडा मर्यादेच्या पलीकडचा असतो. छापायच्या चौकटीत नुसता `S` असेल तर यातलं काही आड येत नाही, पण `I` सुद्धा छापायचा असेल तर प्रश्न काढणाऱ्याचा डाव सहसा इथेच असतो.

छापायची चौकट लूपच्या आत असेल तर दर फेरीला काहीतरी छापलं जातं. मग प्रश्न नीट वाचा, कारण ‘शेवटी छापलेली किंमत’ आणि ‘छापलेल्या सगळ्या किमती’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अशा वेळी टेबलाच्या शेवटी ‘छापलं’ असा एक रकाना जास्तीचा आखायचा.

पुसट खुणांचं काय करायचं

आता फोटोचं खरं दुखणं. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की `<=` ची खालची रेघ जाते आणि `<` उरतं. `8` चा `3` किंवा `6` होतो. `I` आणि `1` एकसारखे दिसतात, `S` आणि `5` पण. अशा वेळी मुलं एक अंदाज धरून पुढे जातात आणि मग त्या अंदाजाचं काय झालं ते विसरून जातात. त्यापेक्षा संशयाच्या खुणेभोवती गोल करायचा, दोन्ही वाचनं लिहून ठेवायची, आणि टेबल झाल्यावर परत यायचं. टेबल हाताशी असलं की बरेच संशय न झगडता सुटतात.

आपल्याच फ्लोचार्टमध्ये समजा ओळ ७ मधला आकडा `8`, `3` की `6` ते कळत नाही. `S` च्या रकान्यात १, −२, ३ आणि १० एवढ्याच किमती आल्या. `S > 3` घेतलं तर ३ हा ३ पेक्षा मोठा नाही, म्हणून चौथ्या फेरीतच बाहेर पडतो. `S > 6` घेतलं तरी तेच. म्हणजे आकडा तिन्हीपैकी कुठलाही असला तरी उत्तर १७ च राहतं, आणि त्या खुणेसाठी डोळे फोडायची गरज नाही. ओळ ३ मध्ये `<=` आहे की `<`, त्याचंही तसंच: `I` ७ च्या पुढे गेलाच नाही, म्हणून ९ च्या काठावर काय होतं याने फरक पडत नाही. ओळ ७ मध्ये मात्र `S >= 3` असतं तर तिसऱ्याच फेरीत, `S` ३ आणि `I` ५ असताना बाहेर पडलो असतो आणि ८ छापलं गेलं असतं. आकड्याची आणि चिन्हाची शंका एकाच हिऱ्यात एकत्र आली तर सगळ्या जोड्या तपासा.

दुसऱ्या प्रकारचा संशय असा की एक वाचन घेतलं तर फ्लोचार्ट संपतच नाही. ओळ ८ घ्या. ती `I = I + 2` आहे की `I = 1 + 2`? दुसरं वाचन घेऊन चालून बघा. पहिल्या फेरीनंतर `I` ३ होतो आणि पुढेही दर फेरीला ३ च राहतो. बाकी नेहमी ०, म्हणून `S` मधून दर वेळी ३ वजा होत राहतात: −२, −५, −८. `S` कधी ८ च्या वर जाणार नाही, `I` कधी ९ च्या वर जाणार नाही. दोन्ही दारं कायमची बंद. ‘शेवटी काय छापलं जाईल’ असं विचारणाऱ्या प्रश्नात हे शक्य नाही, म्हणून वाचन `I + 2`. परतीचा बाण २ मध्ये जातो की ३ मध्ये, हा वादही असाच मिटतो. तो २ मध्ये गेला तर दर फेरीला `S` पुन्हा ० आणि `I` पुन्हा १ होणार, आणि लूप तिथेच गिरक्या घेत राहणार.

`S` आणि `5` चा गोंधळ याहून सोपा. किंमत ठरवणाऱ्या चौकटीत बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे आकडा येऊच शकत नाही, तिथे नावच हवं. म्हणून `5 = 5 + I` असं काही दिसलं तर डावीकडचा `S` आहे हे पक्कं, आणि त्याच हातचा किंवा त्याच छपाईचा `S` कसा दिसतो ते तुम्हाला कळलं. उजवीकडची खूण त्याच्याशी ताडून बघा.

पण काही संशय टेबलाने सुटत नाहीत, आणि ते कुठले हे माहीत असायला हवं. ओळ ४ च्या `Yes` आणि `No` ची अदलाबदल करून बघा. आता ३ ने भाग जाणारे आकडे मिळवायचे आणि बाकीचे वजा करायचे. `S` होतो −१, मग २, मग −३, मग −१०, मग −१. पाच फेऱ्या होतात, ओळ ७ चं दार एकदाही उघडत नाही, `I` ११ झाल्यावर ओळ ३ मधून बाहेर पडतो, आणि छापलं जातं −१ अधिक ११, म्हणजे १०. हा फ्लोचार्ट व्यवस्थित संपतो, उत्तरही दिसायला ठीक आहे. तो चूक आहे असं आतून कुठलीही गोष्ट सांगत नाही. परीक्षेतल्या पर्यायांत १० असण्याची शक्यता तर चांगलीच, कारण पर्याय काढणारी माणसं नेमक्या अशाच चुका धरून पर्याय काढतात. म्हणून `Yes` आणि `No` ची अक्षरं पहिल्या फोटोतच स्पष्ट मिळवा, त्यांच्यावर तर्क लढवू नका.

लूपच्या आत लूप

इथे `I` आणि `1` चा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने वर येतो, म्हणून एक छोटा फ्लोचार्ट आणखी बघू.

```
1  K = 0, I = 1      -> 2
2  I <= 3 ?          Yes -> 3    No -> 7
3  J = I             -> 4
4  J <= 3 ?          Yes -> 5    No -> 6
5  K = K + J, J = J + 1   -> 4
6  I = I + 1         -> 2
7  Print K
```

बाहेरच्या लूपची एक फेरी सुरू झाली की आतला लूप पुरता संपेपर्यंत बाहेर यायचं नाही. `I` १ असताना `J` १, २, ३ असा जातो आणि `K` ६ होतो. `I` २ झाल्यावर ओळ ३ मुळे `J` पुन्हा २ पासून सुरू होतो, २ आणि ३ मिळवले जातात, `K` ११. `I` ३ असताना फक्त ३ मिळवला जातो, `K` १४. मग `I` ४ होतो, ओळ २ मधून बाहेर, आणि १४ छापलं जातं. टेबलात बाहेरच्या प्रत्येक फेरीनंतर एक जाड रेघ मारली की आतल्या फेऱ्या एकमेकींत मिसळत नाहीत.

ओळ ३ फोटोत `J = 1` अशी वाचली तर? मग तिन्ही वेळा १, २, ३ मिळवले जातात आणि उत्तर १८ येतं. हाही फ्लोचार्ट संपतो, हेही उत्तर शहाण्यासारखं दिसतं. आणि ओळ ६ चा परतीचा बाण २ ऐवजी थेट ४ मध्ये शिरतोय असं वाचलं, तर एकदा ४ झालेला `J` पुन्हा खाली येत नाही. ४ वरून ६, ६ वरून ४, असं अखंड चालू राहतं. ही चूक लगेच पकडली जाते. १४ आणि १८ मधली निवड मात्र फोटोकडेच परत घेऊन जाते. तिथे एकच उपाय: त्याच पानावर पक्का `I` कुठे आहे तो शोधायचा, जसा इथे `I <= 3` मध्ये आहे, आणि पक्का `1` कुठे आहे तो शोधायचा, जसा `J + 1` मध्ये. दोन्ही मोठे करून ओळ ३ च्या खुणेशेजारी धरायचे. छापील पानात `I` ला बहुतेक वर-खाली आडव्या रेघा असतात आणि `1` ला वर डावीकडे तिरकी शेपटी. हाताने लिहिलेल्यात तेवढाही भरवसा नसतो.

संगणकावर पडताळणी

घरी सराव करताना टेबल झाल्यावर तोच फ्लोचार्ट पायथनमध्ये चालवून बघता येतो. पहिल्या फ्लोचार्टसाठी एवढंच लागतं:

```python
S, I = 0, 1
while I <= 9:
    if I % 3 == 0:
        S = S - I
    else:
        S = S + I
    if S > 8:
        break
    I = I + 2
print(S + I)
```

`17` येतं. हिऱ्यातलं `=` इथे `==` होतं, आणि ओळ ७ चं दार `break` होतं. उत्तर जुळलं नाही तर `if S > 8` च्या लगेच वर, त्याच्याच सरळीत, `print(I, S)` घाला आणि आलेल्या ओळी आपल्या टेबलाशी ताडून बघा, कुठल्या फेरीत वाट चुकली ते दिसतं. मात्र संगणकाला तुम्ही जे टाइप कराल तेच तो चालवतो. फोटो चुकीचा वाचून टाइप केलात तर तुमचं चुकीचं टेबल आणि संगणक एकमेकांशी छान जुळतील. आणखी एका जागी सांभाळा: फ्लोचार्टमध्ये `N = N / 10` असेल आणि पुढे `N = 0 ?` असा प्रश्न असेल, तर तिथे बहुधा पूर्णांक भागाकार अपेक्षित असतो, म्हणजे ५२ भागिले १० बरोबर ५. पायथनमध्ये त्यासाठी `//` लिहावं लागतं, नाहीतर ५.२ येतं. कागदावरही `INT` लिहिलेलं आहे का, किंवा प्रश्नाच्या वर सगळे आकडे पूर्णांक आहेत असं म्हटलंय का, ते बघूनच भागाकार करा.

दोन वाचनं, दोन्ही संपणारी, दोन वेगळी उत्तरं, आणि फोटोतून निवाडा होत नाही, अशी वेळ आली तर दोन्ही उत्तरं लिहून ठेवा आणि फोटो पाठवणाऱ्याला नेमकी जागा सांगून विचारा: ‘तिसऱ्या चौकटीत बरोबरच्या चिन्हानंतर काय आहे, त्याचा जवळून फोटो पाठव.’ नुसतं ‘फोटो नीट पाठव’ म्हटलं की तेच पूर्ण पान तितकंच पुसट परत येतं.